चुकीच्या ग्रुपवर गेलेला संदेश

एका ग्रुपसाठी काढलेला फोटो किंवा लिहिलेला मजकूर हाताच्या घाईत भलत्याच ग्रुपवर जाणे, याला विदर्भातल्या खेड्यांत 'ग्रुपवर पडणे' म्हणतात. इथे ही चूक बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर होते. गावाचा ग्रुप, बचत गटाचा, शाळेचा, सोयऱ्यांचा आणि कामाचा असे सगळे ग्रुप एकाच फोनात असतात. फोटो पाठवायला निघालो की नुकतेच गजबजलेले ग्रुप यादीत वर दिसतात, आणि सर्वांत गजबजलेला असतो तो गावाचाच. बोट टेकवताना तेवढ्यात नवा संदेश आला, तर यादीच सरकते.

नुकसान किती होईल, हे पहिल्या काही मिनिटांत काय केले यावर आणि घड्याळात किती वाजले यावर ठरते. सोयाबीनच्या सवंगणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी निम्मे गाव वावरात असते आणि तिथे नेटची रेंज धड नसते, त्यामुळे वाचणारे थोडे असतात. तीच चूक संध्याकाळी जेवणाच्या वेळी झाली, तर हाती फार वेळ उरत नाही.

संदेशाशेजारी घड्याळाचे चिन्ह असेल, तर तो अजून आपल्याच फोनात आहे. कमजोर रेंजचा हा एकमेव फायदा. लगेच एअरप्लेन मोड लावायचा, संदेश काढून टाकायचा आणि मग नेट चालू करायचे. एक टिक उमटली की संदेश कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचला, म्हणजे हा उपाय संपला.

नमुन्यादाखल एक प्रसंग घेऊ. एका आशाताईंनी रजिस्टरच्या पानाचा फोटो काढला. त्यात 14 गरोदर मातांची नावे, कितवा महिना, हिमोग्लोबिन आणि मोबाइल क्रमांक होते. तो जायचा होता आरोग्य केंद्राच्या ग्रुपवर. गेला गावाच्या 212 जणांच्या ग्रुपवर. वेळ सकाळी 11:40 ची. हिमोग्लोबिनच्या आकड्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. खरी अडचण महिन्याच्या रकान्यात आहे. गरोदरपणाची नोंद पहिल्या 12 आठवड्यांत व्हावी असा आरोग्य विभागाचा आग्रह असतो, तर तिसरा महिना सरेपर्यंत बातमी घराबाहेर जाऊ द्यायची नाही अशी घरोघरी रीत. यादीतल्या दोघीतिघींच्या घरीही अजून सगळ्यांना कळलेले नसते.

अशा वेळी हात पहिल्यांदा चुकीच्याच गोष्टीकडे जातो. कोणी आधी माफी लिहिते, आणि ज्यांनी फोटो पाहिलाच नव्हता तेही वर सरकून शोधू लागतात. कोणी शरमेने ग्रुप सोडते. ग्रुप सोडला की आपला संदेश सगळ्यांच्या फोनमधून काढण्याची सोयही हातची जाते. आणि सर्वांत जास्त घात करते ती 'Delete for me' ही ओळ. ती दाबली की फोटो आपल्याला दिसेनासा होतो, बाकी 211 जणांकडे तसाच राहतो. डिसेंबर 2022 पासून अशा वेळी पाच सेकंद 'Undo' दिसते. ते हुकले की आपल्या हाती काही उरत नाही, अ‍ॅडमिनला गाठावे लागते.

योग्य क्रम छोटा आहे. संदेशावर बोट दाबून धरायचे, 'Info' उघडायचे आणि 'Read by' खालची नावे स्क्रीनशॉटमध्ये धरायची. याला पाच-सात सेकंद लागतात; एकदा संदेश काढला की ही यादी परत मिळत नाही. निळी टिक बंद ठेवणाऱ्यांचीही नोंद ग्रुपमध्ये होते, म्हणून ती बऱ्यापैकी भरवशाची असते. नुसत्या नोटिफिकेशनवर वरवर पाहणारा मात्र तिच्यात येत नाही. ओटीपीसारखे काही गेले असेल तर यादीच्या मागे न लागता आधी काढून टाकलेले बरे. त्यानंतर 'Delete for everyone'. 2017 मध्ये ही सोय आली तेव्हा त्यासाठी सातच मिनिटे मिळत; 2022 पासून दोन दिवसांहून थोडा अधिक अवधी आहे. म्हणून सात मिनिटांच्या जुन्या आठवणीवर कोणी हाय खाऊ नये.

नेट गेले असेल तर ही आज्ञाही फोनातच अडकते. अशा वेळी साधा कॉल उपयोगी पडतो, कारण डेटा चालत नाही तिथेही बहुधा बोलणे होते. अ‍ॅडमिनला फोन करून संदेश काढायला सांगायचे. मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितले होते की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ अ‍ॅडमिन असल्यामुळे कोणी जबाबदार ठरत नाही. तेव्हा अ‍ॅडमिनच्या हाती माणसे घेणे आणि काढणे एवढेच होते. पुढच्याच वर्षी अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी काढण्याची सोय मिळाली. तसे केल्यावर ते अ‍ॅडमिनने काढल्याचे ग्रुपला दिसते. त्यामुळे थोडी कुजबुज होते, ती सोसावी.

आपल्या आशाताईंनी 11:44 ला तो फोटो ग्रुपवरून काढून टाकला तेव्हा वाचणारे नऊ जण होते. संदेश काढला म्हणजे तो सगळीकडून गेला असे नाही. कोणी पुढे ढकलला असेल तर ती प्रत शाबूत राहते. आयफोनवर फोटो आपोआप गॅलरीत जात असतील तर तिथे राहू शकतो. जीबी व्हॉट्सअ‍ॅपसारखी बनावट अ‍ॅप खेड्यांत अनेकांकडे असतात, त्यांत काढलेले संदेशही दिसतात. आणि काढणे फसले तर कंपनी तसे कळवत नाही. म्हणून त्या नऊ जणांना फोनच करावा लागतो, संदेश नव्हे. लिहिलेल्या विनंतीचाही स्क्रीनशॉट फिरतो. बोलणे दोन वाक्यांचे: "भाऊ, मघाचा फोटो चुकून आला. कोणाले पाठवला असन तं सांगा, अन् मोबाइलमधून काढून टाका." फोटोत काय होते ते पुन्हा सांगायचे नाही. सुरुवात ढकलाढकलीची सवय असलेल्यापासून करायची. असा माणूस गावाला माहीत असतोच.

ग्रुपवर एकच ओळ पुरते: "कामाचा फोटो चुकून आला होता, काढला आहे." हात जोडलेले सहा इमोजी नकोत. ती ओळ फोन झाल्यावर टाकायची, आधी नाही.

यादीतल्या बायांना मात्र त्याच दिवशी कळवावे लागते, आणि तीन महिन्यांच्या आतल्या असतील त्यांना सर्वांत आधी, शक्यतो घरी जाऊन. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांनाही स्वतःहून सांगावे. त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून कळले, तर चूक लपवल्याचा अर्थ निघतो.

स्टेटसवर पडलेल्या गोष्टीचा प्रकार निराळा आहे. तो 24 तास राहतो; कोणी पाहिला ते डोळ्याच्या चिन्हाखाली दिसते, मात्र निळी टिक बंद ठेवणारे या यादीत येत नाहीत. अनेकजण घाईने प्रायव्हसीत जाऊन नावे वगळतात, पण तो बदल पुढच्या स्टेटसला लागू होतो. टाकलेला स्टेटस काढूनच टाकावा लागतो. फेसबुकवर उलट आहे: तिथे टाकलेल्या पोस्टचे प्रेक्षक नंतरही बदलता येतात. 'Only me' केले की ती ताबडतोब इतरांपासून झाकली जाते, आणि काढायची की दुरुस्त करायची हे सावकाश ठरवता येते.