मेजर रिव्हिजन की रिजेक्ट? हळदीच्या दोन पेपरांची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात सांगलीतल्या एका कॉलेजमधल्या प्राध्यापिका घरी आल्या. चेहरा उतरलेला. "सर, जर्नलकडून पेपर परत आला. सध्याच्या स्वरूपात स्वीकारता येणार नाही, असं लिहिलंय." मी पत्र शेवटपर्यंत वाचलं. खाली नव्वद दिवसांची मुदत होती आणि परीक्षकांच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर जोडून सुधारित प्रत पाठवा, असंही लिहिलं होतं. पेपर नाकारलेला नव्हता. मेजर रिव्हिजन होती.

'सध्याच्या स्वरूपात स्वीकारता येणार नाही' हे वाक्य दोन्ही प्रकारच्या पत्रांत येतं, म्हणून त्यावरून काही ठरवू नये. नकाराच्या पत्रात मुदत नसते. पुन्हा पाठवायला सांगितलं, तरी तो नवा पेपर धरतात आणि नवा क्रमांक देतात. मेजर रिव्हिजनमध्ये क्रमांक तोच राहतो आणि सुधारलेली प्रत बहुधा त्याच परीक्षकांकडे परत जाते. परीक्षक फक्त शिफारस करतो. निर्णय संपादकाचा असतो, म्हणून शिफारस संपादकासाठीच्या वेगळ्या रकान्यात लिहायची. लेखकाला दिसणाऱ्या मजकुरात ती घालायची नाही.

लेखकाने पत्र ओळखायचं, ते असं. परीक्षकाच्या टेबलावरचा प्रश्न मात्र अवघड असतो. कल्पना चांगली आहे, पद्धत कच्ची आहे, तर शिफारस कोणती करायची? मी एकच पाहतो. हातात असलेल्या माहितीच्या आधारे हा कच्चेपणा दूर करता येतो का? येत असेल तर मेजर रिव्हिजन, नसेल तर नकार. अडचण ही की दोन्ही प्रकारचे पेपर वरून हुबेहूब सारखे दिसतात.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. आपल्याकडे ऊस तुटला की पाचट पेटवून देतात. समजा कुणी ते न जाळता हळदीच्या गादीवाफ्यावर आच्छादन म्हणून पसरलं आणि ओल्या हळदीचं वजन वाढतं का ते पाहिलं. कल्पना मला मनापासून आवडेल. पाचट बांधावर फुकट पडलेलं असतं आणि जाळण्याचा धूरही वाचतो. समजा असे दोन पेपर आले आणि दोन्हींत लिहिलंय : पाचट घातलेली १२० झाडं, न घातलेली १२० झाडं, दर झाडामागे सरासरी ३० ग्रॅम जास्त वजन, पी मूल्य ०.००१.

आता या १२० च्या मागे काय आहे? पहिल्या पेपरमध्ये एकाच शेताचे दोन तुकडे केले. एकावर पाचट घातलं, दुसऱ्यावर नाही, आणि दोन्हींतून १२०-१२० झाडं उपटून वजन केलं. दुसऱ्या पेपरमध्ये मिरज आणि वाळवा तालुक्यांतली आठ शेतं घेतली. प्रत्येक शेताचे दोन भाग केले, पाचट कुठल्या भागात ते चिठ्ठी टाकून ठरवलं, आणि प्रत्येक भागातून १५ झाडं घेतली. आठ पंधरे १२०. दोन्ही पेपरच्या तक्त्यात आकडा एकच आला.

पाचट झाडाला घातलेलं नाही, तुकड्याला घातलेलं आहे. म्हणून मोजायचे ते तुकडे. एका तुकड्यातली १२० झाडं एकच माती आणि एकाच ठिबकचं पाणी घेतात. त्या तुकड्याची जमीन मुळातच कसदार असेल तर सगळीच झाडं जड भरतील आणि श्रेय पाचटाला जाईल. स्टुअर्ट हर्लबर्ट या अमेरिकी परिसरशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन असं नाव दिलं. मराठीत छद्म-पुनरावृत्ती म्हणता येईल. एकाच तुकड्यातून कितीही झाडं उपटली, तरी पुनरावृत्ती एकच राहते.

पहिल्या पेपरला कुठलंही गणित वाचवू शकत नाही. पाचटाचा परिणाम आणि जमिनीचा परिणाम एकमेकांत असे मिसळलेत की ते वेगळे करायला दुसरं शेतच लागेल. हळद अक्षय तृतीयेच्या सुमारास लावायची आणि जानेवारीनंतर काढायची, म्हणजे सुमारे नऊ महिने. नव्वद दिवसांत ते होणार नाही. तिथे मेजर रिव्हिजन लिहिणं म्हणजे लेखकाला तीन महिने आशेवर ठेवून शेवटी नकारच देणं. मी सरळ नकार लिहितो आणि पुढच्या लागणीत किती शेतं घ्यायची, चिठ्ठी कशी टाकायची, तेही सांगतो.

दुसऱ्या पेपरमधली चूक गणितात आहे, शेतात नाही. प्रत्येक भागातल्या १५ झाडांची सरासरी काढायची आणि एका शेताचा एक फरक धरायचा. समजा ते फरक ग्रॅममध्ये असे आले : ६०, २५, −२०, ८०, १०, ४५, −१५, ५५. सरासरी ३०, म्हणजे पेपरमधलीच. पण आता आकडे २४० नाहीत, आठ आहेत. फरकांचं प्रमाण विचलन साधारण ३६, त्याला आठच्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी साधारण १२.८. टी मूल्य २.३४ येतं, आणि पाच टक्क्यांच्या पातळीवर ७ स्वातंत्र्यांशांना २.३६ लागतं. थोडक्यात हुकलं, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. ९५ टक्के विश्वासांतर शून्याच्या किंचित खालपासून सुमारे ६० ग्रॅमपर्यंत जातं.

इथे बरेच लेखक घाबरतात, आणि काही परीक्षकही पेपर संपला असं समजतात. मला तसं वाटत नाही. आठपैकी सहा शेतांत वजन वाढलं, दोन शेतांत घटलं. त्या दोन शेतांत पाणी साचत होतं का, पाचट जास्त जाड पडलं का, हे लेखकाच्या वहीत असेल तर तोच पेपरचा वाचण्यासारखा भाग ठरेल. दावा लहान होतो, 'पाचटाने उत्पादन वाढतं' याऐवजी 'वाढीची शक्यता दिसते, खात्रीला जास्त शेतं हवीत' असा. कल्पना मात्र तशीच उभी राहते.

म्हणून माझ्या अहवालाचा पहिला मुद्दा निष्कर्षावर नसतो. मराठीत सांगायचं तर तो असा : 'किती शेतं होती, प्रत्येकात किती तुकडे होते आणि पाचट कुठे घालायचं हे कुणी, कसं ठरवलं, ते लिहावं. तुकडा हे एकक धरून विश्लेषण पुन्हा करावं. आठही शेतांचे फरक तक्त्यात द्यावेत. शीर्षक आणि सारांशातला दावा त्याप्रमाणे बदलावा.' नवा प्रयोग मागायचा नाही. तो लागतच असेल तर माझी शिफारस चुकली आहे. शुद्धलेखन, आलेखाचे रंग असल्या गोष्टी शेवटी दोन ओळींत, नाहीतर लेखक त्याच आधी दुरुस्त करत बसतो.

कधीकधी उत्तर आल्यावर चित्र पालटतं. लेखक लिहितो की प्रत्यक्षात चिठ्ठी टाकली नव्हती, शेतकऱ्यांनी विहिरीजवळचा भाग पाचटासाठी दिला. मग आठही शेतांत पाणी आणि पाचट एकत्रच गेलं, आणि दुसरा पेपर पहिल्याच्या रांगेत जाऊन बसतो. किंवा झाडवार वजनांची वही हरवलेली असते आणि हातात फक्त दोन सरासऱ्या उरतात. तेव्हा दुसऱ्या फेरीत नकार द्यावा लागतो, आणि तो देताना मी पहिल्या फेरीतला माझाच प्रश्न उद्धृत करतो.

त्या प्राध्यापिकांच्या पेपरमध्ये सहा शेतं होती आणि चिठ्ठ्यांची नोंद तारखेसह वहीत होती. आम्ही त्याच संध्याकाळी सरासऱ्या काढायला बसलो.