जॅमचं लेबल वाचणे (कोकण)

जॅमच्या बाटलीत फळ किती आणि साखर किती हे लेबलवरून ताडणे. रत्नागिरी-देवगडकडे हायवेच्या स्टॉलवर हापूस जॅमच्या बाटल्यांची रांग असते, पण पुढच्या चित्रातला आंबा बघून काहीच कळत नाही, बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

आपल्याकडे एफएसएसएआयचा नियम असा की जॅममधे फळ किमान 45 टक्के पाहिजे (स्ट्रॉबेरी आणि रासबेरीला 25 चालतं) आणि विरघळलेला घन भाग, म्हणजे मुख्यतः साखरच, किमान 65 टक्के. मार्मलेडलाही 45च, पण त्यात साल धरत नाहीत.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, त्यामुळे साखर पहिली दिसली की लोक लगेच नाक मुरडतात. पण हिशोब करून बघा. हापूसच्या पल्पमधे 100 ग्रॅमला साधारण 15 ग्रॅम साखर धरली तर 45 ग्रॅम पल्पमधून जेमतेम 7 ग्रॅम मिळते, मग 65 गाठायला वरून 58-60 ग्रॅम घालावीच लागते. आता 45 आणि 60 मिळून 105 होतात, पण ती काही लबाडी नाही, शिजवताना पाणी उडून जातं.

खरी गंमत वजाबाकीत आहे. पोषण तक्त्यात एकूण साखर आणि अ‍ॅडेड शुगर असे दोन आकडे असतात, त्यातला फरक म्हणजे फळातून आलेली साखर. समजा एका बाटलीवर 66 आणि 60 आहे, फरक 6, म्हणजे 45 टक्के आंबा पटण्यासारखा आहे. दुसरीवर 68 आणि 66, फरक फक्त 2, आणि तरी वर 45 टक्के हापूस लिहिलंय, तर शंका घ्यायची. आकडे राउंड केलेले असतात म्हणून एखाद्या ग्रॅमवरून भांडू नका, आणि लिंबासारख्या कमी गोड फळाला ही युक्ती चालत नाही, तिथे फरक मुळातच छोटा. फळाच्या नावाकडेही बघा, पुढे हापूस आणि मागे नुसतं ‘मिक्स फ्रूट पल्प’ असेल तर बाटली परत रॅकवर.

पेक्टिन (आयएनएस 440) दिसलं की भेसळ समजतात ते चूक. ते बहुतेक लिंबूवर्गीय सालीतून किंवा सफरचंदाच्या चोथ्यातून काढतात. कैरीत आणि करवंदात ते भरपूर असतं म्हणून करवंदाची जेली घरीसुद्धा नीट घट्ट होते, पण आंबा पिकला की त्यातलं पेक्टिन तुटतं, मग हापूस जॅमला ते वरून घालणं साहजिकच आहे. उलट बाटली चमच्याला रबरासारखी लागली, वास इसेन्सचा आला आणि लेबलवर रंगही असला, तर तिथे फळाचं काम पेक्टिन आणि रंगाने केलंय असं मी तरी धरतो.