गार पाण्याची कळ: दातातली नस खरंच उघडी पडते का?

गार पाण्याचा घोट घेतला की एखाद्या दातातून कळ चमकून जाते आणि घोट गिळेपर्यंत ती विरतेही. इनॅमल झिजलं, हिरडी मागे सरकली आणि नस उघडी पडली, असं त्याचं कारण सांगितलं जातं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बरोबर आहेत. नस मात्र उघडी पडलेली नसते. कळ लागणाऱ्या जागेपासून ती चांगली मिलिमीटरभर किंवा त्याहून जास्त आत असते. मग गारवा तिच्यापर्यंत इतक्या झटकन पोचतो कसा, या प्रश्नाने संशोधकांना शंभरहून जास्त वर्षं झुलवलं.

आधी दाताची रचना पाहू. बाहेरचं इनॅमल हे शरीरातलं सगळ्यात कठीण आवरण. त्यात नस नाही की जिवंत पेशी नाही, त्यामुळे ते दुखत नाही आणि झिजलं तर पुन्हा वाढतही नाही. त्याखाली पिवळसर डेंटिन असतं आणि मधल्या पोकळीत रक्तवाहिन्या व नसा असलेला पल्प. दाताचं मूळ इनॅमलने झाकलेलं नसतं. त्यावर सिमेंटमचा थर असतो, तोही दाताच्या मानेजवळ इतका पातळ की मिलिमीटरचा विसावा भागसुद्धा भरत नाही. इनॅमलही मानेकडे येता येता पातळ होत जातं. काही दातांत तर ही दोन आवरणं एकमेकांना भिडतच नाहीत आणि मध्ये डेंटिनची बारीक पट्टी जन्मापासून उघडी असते. हिरडी जागेवर आहे तोवर ती पट्टी झाकलेली राहते, इतकंच.

डेंटिन भरीव दिसतं, पण ते सच्छिद्र असतं. डेल्फ्टचे कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी आपल्या सूक्ष्मदर्शकातून दाताचा तुकडा पाहिला तेव्हा त्यांना पारदर्शक नळ्या दिसल्या. 1678 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ते निरीक्षण छापलं गेलं. दाढीच्या एका केसाच्या जाडीत अशा सहा-सातशे नळ्या मावतील, असा त्यांचा अंदाज होता. आजच्या मोजणीप्रमाणे पल्पजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण 45 ते 65 हजार नळ्या असतात. बाहेर जाताना त्या विरळ आणि अरुंद होतात. या नळ्या द्रवाने भरलेल्या असतात, आणि आपल्या गोष्टीत पुढे सगळं या द्रवावरच येऊन थांबतं.

ते कळायला मात्र वेळ लागला. इंग्लंडचे दंतवैद्य जॉन टोम्स यांनी 1856 मध्ये नळ्यांच्या आत मऊ तंतू असल्याचं दाखवलं. दात पोखरताना रुग्णाला सगळ्यात जास्त कळ इनॅमल ओलांडून डेंटिनच्या बाहेरच्या थराला हात लागताच येते, हा दंतवैद्यांचा रोजचा अनुभव होता. तेव्हा संवेदना या तंतूंतूनच आत जात असणार, असं मानणं साहजिक होतं. हे तंतू म्हणजे पल्पच्या काठावर बसलेल्या, डेंटिन तयार करणाऱ्या ओडोन्टोब्लास्ट पेशींचे लांब हात आहेत, हे पुढे स्पष्ट झालं. खऱ्या नसाही काही नळ्यांत शिरतात, पण मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापर्यंतच. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त दुखतं, तिथे नस नाहीच.

खरं उत्तर एकाला तेव्हाच सुचलं होतं. अमेरिकी दंतवैद्य जे. डी. व्हाइट यांनी 1855 मध्येच सुचवलं होतं की नळ्यांतल्या द्रवाच्या हालचालीमुळे दुखत असावं. 1900 साली स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड गिझी यांनी तीच कल्पना पुन्हा मांडली. दोघांकडेही ती पटवण्याजोगा प्रयोग नव्हता आणि कल्पना बाजूला पडली.

हा प्रयोग 1960च्या दशकात स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी केला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत देखणं काम तेच आहे. दात सरळ करण्याच्या उपचारासाठी काढायचे ठरलेले तरुणांचे दात त्यांनी आधी तोंडातच तपासले. उघड्या डेंटिनवर हवा मारली, दुखलं. कोरडा टिपकागद ठेवला, दुखलं. तोच कागद भिजवून ठेवला, तर काही नाही. तीव्र साखरपाणी किंवा मिठाचं दाट द्रावण लावलं की कळ आली. हवा, कोरडा कागद आणि गोड द्रावण यांच्यात समान काय? तिन्ही नळ्यांतला द्रव बाहेर ओढतात. उलट, बाहेरच्या डेंटिनवर बधिर करणारं औषध लावलं तरी कळ कायम राहिली, आणि त्वचेवरच्या फोडाच्या उघड्या तळाला लावताच झोंबणारी पोटॅशियमसारखी रसायनं इथे लावून काहीच झालं नाही. नस पृष्ठभागावर असती तर हे उलटं घडायला हवं होतं. हवा मारलेले दात काढून कापल्यावर ओडोन्टोब्लास्ट पेशींची केंद्रकं नळ्यांत ओढली गेलेली दिसली. द्रव किती जोराने सरकतो, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

गार पाण्याचं कोडंही यात सुटलं. गारव्याने द्रव आकुंचन पावतो आणि नळीत चटकन बाहेरच्या बाजूला सरकतो. तो हिसका पल्पच्या काठावरच्या जलद नसांना जाणवतो. दाताच्या आतलं तापमान उतरण्याआधीच कळ येते, हे नंतर मोजूनही पाहिलं गेलं. गरम पेयाने द्रव आतल्या बाजूला सरकतो. नसांना बाहेर जाणारा प्रवाह जास्त टोचतो, म्हणून बहुतेकांची तक्रार गार पाण्याची असते, गरम चहाची कमी.

आता इनॅमल आणि हिरडीकडे वळू. ती झाकणं गेली की नळ्यांची तोंडं उघडी पडू शकतात. पण डेंटिन उघडं पडलं म्हणजे दात दुखेलच, असं नाही. कित्येकांच्या हिरड्या चांगल्या मागे सरकलेल्या असतात आणि गार पाणी त्यांना जाणवतही नाही. 1987 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या दातांच्या मानेचं डेंटिन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. दुखणाऱ्या दातांत उघड्या नळ्या सुमारे आठपट होत्या आणि प्रत्येक नळीचा व्यास जवळपास दुप्पट. बारीक नळीतला प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो, म्हणजे दुप्पट व्यासाला सोळापट प्रवाह. आठ गुणिले सोळा, म्हणजे सव्वाशेहून जास्त पट. हिरडी दोघांची सारखीच सरकलेली असूनही एक कळवळतो आणि दुसऱ्याला पत्ता नसतो, त्याचं कारण या गुणाकारात आहे.

नळ्या उघड्या ठेवण्याचं काम बहुतेकदा आम्लाचं असतं. तोंडातलं आम्ल पीएच 5.5च्या खाली गेलं की इनॅमल विरघळायला लागतं. डेंटिनचा तग त्याहून कमी, ते साधारण 6च्या आसपासच हार मानतं. नुसत्या ब्रशने इनॅमल फारसं झिजत नाही. आम्लाने मऊ झालेल्या पृष्ठभागावर लगेच ब्रश फिरला तर मात्र तो थर खरवडला जातो, आणि नळ्यांच्या तोंडावर बसलेला बारीक भुगाही निघून जातो.

समजा चाळिशीतली एक व्यक्ती वरच्या डाव्या सुळ्यात कळ येते म्हणून आली आहे. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांत ही जागा नेहमीची, कारण सुळा रांगेतून थोडा पुढे आलेला असतो आणि हाताचा जोर तिथे जास्त पडतो. हिरडी दोन मिलिमीटर वर सरकलेली, मानेजवळ गुळगुळीत पिवळी पट्टी. डॉक्टर शेजारचे दात बोटांनी झाकतात आणि त्या पट्टीवर सेकंदभर हवा मारतात. कळ येते, हवा थांबताच जाते. टोकदार उपकरण पट्टीवरून अलगद फिरवलं तरी तेच. दातावर ठोकून दुखत नाही, चावून सोडताना दुखत नाही, एक्स-रेमध्ये कीड नाही. चौकशीत कळतं की रोज सकाळी आंबट पेय घेतल्यावर लगेच कडक ब्रशने दात घासले जातात, आणि ब्रशचे केस महिन्याभरात फाकतात. इथे चित्र स्पष्ट आहे. हेच चावून सोडताना दुखलं असतं, तर दाताला तडा असल्याची शंका आली असती. गारव्याची कळ अर्धा मिनिट रेंगाळली असती किंवा रात्री आपोआप ठणका लागला असता, तर पल्पलाच सूज असल्याचं ते लक्षण होतं, आणि मग कोणतीही टूथपेस्ट उपयोगाची नाही.

उपचारांचा इतिहास ब्रेनस्ट्रॉम यांच्याहून जुना आहे, आणि बराचसा चाचपडण्याचा. एके काळी सिल्व्हर नायट्रेट लावत. त्याने कळ कमी व्हायची, पण दात काळा पडायचा. 1935 मध्ये अमेरिकेचे लुईस ग्रॉसमन यांनी चांगल्या औषधाच्या अटी लिहून ठेवल्या: पल्पला त्रास नको, लावताना दुखायला नको, लावायला सोपं हवं, परिणाम लवकर आणि कायमचा हवा, डाग पडायला नको. कायमचा परिणाम ही अट आजही कुणी पुरी केलेली नाही.

टूथपेस्टचे मार्ग दोन. 1961 पासून बाजारात आलेल्या स्ट्रॉन्शियमच्या पेस्टचा उद्देश नळ्यांची तोंडं बुजवण्याचा. आजच्या स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन किंवा कॅल्शियम-फॉस्फेट देणाऱ्या काचेच्या भुकटीच्या पेस्टही तेच करतात. दुसरा मार्ग पोटॅशियम नायट्रेटचा. मिल्टन होडॉश यांनी तो 1974 मध्ये मांडला. नळ्यांतून आत पोचलेलं पोटॅशियम नसांना मंद करतं, अशी त्यामागची धारणा. त्यासाठी काही आठवडे रोज वापर लागतो. मात्र साध्या पेस्टवर ठेवलेल्या लोकांचंही दुखणं चाचण्यांत बरंच कमी होतं, त्यामुळे पोटॅशियमचं नेमकं श्रेय किती, यावर जाणकारांत एकमत नाही. वरच्या सुळ्यासाठी डॉक्टर आधी आम्ल आणि ब्रशची सवय बदलायला सांगतील, मऊ ब्रश आणि पेस्ट देतील. तेवढ्याने भागलं नाही तर पट्टीवर फ्लोराइडचं व्हार्निश किंवा रेझिनचा पातळ थर चढवतील. खड्डाच पडलेला असेल तर तो भरून घ्यावा लागतो.

द्रवाची ही उपपत्ती इतकी भक्कम ठरली की प्रश्न संपला असं वाटायला लागलं होतं. मग 2021 मध्ये ओडोन्टोब्लास्ट पेशींकडे पुन्हा लक्ष गेलं. उंदरांवरच्या प्रयोगात या पेशींतलं टीआरपीसी5 नावाचं प्रथिन गारवा थेट ओळखतं, असं दिसलं. ते नसलेल्या उंदरांच्या दातांनी गारव्याला फारसा प्रतिसाद दिला नाही. हेच प्रथिन माणसाच्या दातातही सापडलं, आणि सुजलेल्या पल्पमध्ये ते जास्त होतं. दातदुखीवर पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जाणाऱ्या लवंगेच्या तेलातलं युजेनॉल याच प्रथिनाला रोखतं. हवा आणि गोड द्रावणाची कळ या प्रथिनाने समजत नाही, तिथे द्रवाचाच हिसका मानावा लागतो. गार पाण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालत असाव्यात, आणि टोम्स यांनी ज्या तंतूंवर बोट ठेवलं होतं त्या पेशी दीडशेहून जास्त वर्षांनी पुन्हा चर्चेत आल्या आहेत.