कपापेक्षा हँडल महत्त्वाचं

शेअरच्या आलेखावर कुठेही खोलगट वळण दिसलं की त्याखाली अर्धगोल रेघ ओढायची आणि ‘कप अँड हँडल तयार, आता रॉकेट’ असं जाहीर करायचं, ही हल्लीची साथ आहे. काही महाभाग तर पंधरा मिनिटांच्या आलेखावरही कप शोधतात. गंमत म्हणजे रेघ सहसा बरोबर बसते, कारण वर-खाली होणाऱ्या कुठल्याही आकड्यांच्या मालिकेत असे आकार सापडतातच. हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ सालीच दाखवून दिलं होतं की निव्वळ यादृच्छिक आकड्यांचा आलेख काढला तरी तो हुबेहूब शेअर बाजारासारखा दिसतो. तेव्हा आकार दिसला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. त्या आकाराआड विकणाऱ्यांचं काय चाललंय, हे बघावं लागतं.

कप अँड हँडल, म्हणजे आधी कपासारखा खोलगट आकार आणि मग त्याच्या उजव्या काठाजवळ हँडलसारखी छोटी उतरण. ही रचना लोकांपर्यंत पोचवली ती अमेरिकी गुंतवणूकदार विल्यम ओनील यांनी, १९८८ सालच्या त्यांच्या पुस्तकातून. त्यांच्या अटी आजच्या रेघाबहाद्दरांपेक्षा बऱ्याच कडक होत्या. कपाच्या आधी शेअर किमान ३० टक्के चढलेला हवा आणि कप साप्ताहिक आलेखावर निदान सात आठवड्यांचा हवा. आधीची चढण नसेल तर तो कप नव्हे, पडलेल्या शेअरची नुसती उसळी.

एक काल्पनिक शेअर घेऊ. तो १४० वरून २०० पर्यंत गेला, मग आठ आठवड्यांत घसरत १५० वर आला, काही आठवडे तिथेच घुटमळला आणि हळूहळू चढत १९६ ला पोचला. २०० वरून १५०, म्हणजे कपाची खोली २५ टक्के. ओनील साधारण १२ ते ३३ टक्के खोली चांगली मानत. बाजारच जोरात कोसळला असेल तर त्याहून खोल कपही ते चालवून घेत, पण शेअरची घसरण निर्देशांकाच्या दीड ते अडीच पटीत असावी, असा त्यांचा ठोकताळा होता.

ही मर्यादा का, ते आधी साध्या अंकगणितातून कळतं. २५ टक्के पडलेल्या शेअरला जुन्या भावावर यायला ३३ टक्के चढावं लागतं. ५० टक्के पडलेल्याला थेट १०० टक्के. तळाशी घेतलेल्या माणसाचे पैसे तोवर दुप्पट झालेले असतात, त्यामुळे नफा वसूल करायला तो उतावीळ असतो. शिवाय खोल कपात १९०, १८०, १७० अशा प्रत्येक पायरीवर ‘आता स्वस्त झाला’ म्हणून घेऊन अडकलेले लोक असतात. भाव परतताना यातला प्रत्येक जण एकच प्रार्थना करत असतो: माझे पैसे सुटू देत, मग विकतो.

ही प्रार्थना या सगळ्या रचनेचं इंजिन आहे. तोट्यातला शेअर माणसं हट्टाने धरून ठेवतात आणि नफ्यातला लगेच विकतात, ही सवय शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये नाव देऊन मांडली. म्हणूनच जुन्या उच्चांकाजवळ विक्रीचा माल साचलेला असतो. कपाचा तळ गोलसर हवा म्हणतात त्याचं कारणही इथेच आहे. तळाशी आठवडेच्या आठवडे गेले की अडकलेल्यांपैकी बरेच जण कंटाळून तिथेच विकतात. इंग्रजी ‘व्ही’सारखी टोकदार घसरण आणि तशीच उसळी आली तर कंटाळायला कुणाला सवडच मिळत नाही, सगळे जुने अडकलेले आणि तळाचे नवे नफेखोर एकाच वेळी वर विकायला उभे राहतात.

आता हँडल. आपला शेअर १९६ ला अडखळला आणि पुढच्या दोन आठवड्यांत १८२ पर्यंत ओघळला. ही घसरण सात टक्क्यांची झाली. तेजीच्या बाजारात हँडल ८ ते १२ टक्क्यांपेक्षा खोल नसावं, आणि ते कपाच्या वरच्या अर्ध्या भागात असावं. कपाचा मध्य १७५, आपला हँडलचा तळ १८२, म्हणजे अट पुरी झाली. पण सर्वात जास्त बघायची ती उलाढाल. समजा, एरवी रोज सरासरी चार लाख शेअर्सचे व्यवहार होतात आणि हँडलच्या शेवटच्या दिवसांत ते दोन-सव्वादोन लाखांवर आले, भाव मात्र जेमतेम हलला. याचा अर्थ विकायची घाई असलेले बहुतेक विकून मोकळे झाले. चाळणीत उरलेलं पाणी थेंबाथेंबाने गळून जावं तसं ते असतं.

हँडल किंचित खाली झुकलेलं हवं, हे नवशिक्यांना उलटं वाटतं. तळ १८२, १८५, १८८ असे वर सरकत गेले तर शेअर मजबूतच नाही का? नाही. खाली झुकताना कच्च्या मनाचे लोक घाबरून बाहेर पडतात आणि बऱ्याचदा आधीच्या एखाद्या छोट्या तळाखाली भाव गेला की त्यांचे स्टॉपलॉस, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून आधीच लावलेल्या विक्रीच्या ऑर्डरही, उडतात. वर सरकणाऱ्या हँडलमध्ये ही गाळणी होतच नाही. त्यातले सगळे अजून आत आहेत आणि पुढे एक धक्का बसला की एकदम दाराकडे धावतात.

खरेदीचा बिंदू, म्हणजे पिव्हट, जुना उच्चांक २०० नसून हँडलचा उच्चांक १९६ असतो. विक्रेत्यांनी भाव शेवटचा जिथे रोखला ती जागा हीच. ओनील त्यात दहा सेंट मिळवत, म्हणजे भाव तिथे नुसता टेकला नाही तर पार गेला याची खात्री व्हावी. भाव पिव्हट पार करतो त्या दिवशी, म्हणजे ब्रेकआउटच्या दिवशी, उलाढाल सरासरीपेक्षा ४० ते ५० टक्के जास्त हवी. आपल्या शेअरसाठी सुमारे सहा लाख. सकाळी तासाभराची उलाढाल बघून दिवसाचा अंदाज बांधताना जपावं, कारण बाजार उघडताना आणि बंद होताना व्यवहार जास्त होतात, दुपारी ओसरतात. सरळ गुणाकार केला तर सकाळी सगळेच ब्रेकआउट दमदार भासतात.

पिव्हटच्या वर पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे साधारण २०६ पर्यंतच खरेदी करावी, या नियमामागचं गणित स्टॉपलॉसचं आहे. १९७ ला घेतलं तर सात टक्क्यांचा स्टॉप १८३ ला येतो, हँडलच्या तळाला जवळजवळ चिकटून. तो उडाला तर रचनाच बिघडली आहे, बाहेर पडणं रास्त. आता तोच शेअर २१० ला घेतला, तर स्टॉप १९५ ला बसतो. ब्रेकआउटनंतर भाव पिव्हटपाशी एकदा परत येणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यात तो १९४ ला शिवला तरी उशिरा आलेला माणूस तोटा घेऊन बाहेर पडतो आणि वेळेवर आलेला आत टिकतो. शेअर एकच, रचना तीच.

फसलेला ब्रेकआउट ओळखायला फार वाट बघावी लागत नाही. पिव्हट पार झाला पण उलाढाल साडेतीन लाखच, किंवा दिवसभरात २०३ ला जाऊन भाव १९५ ला बंद झाला, तर वर अजून माल विकणारा कुणीतरी आहे. पुढच्या दिवसांत भाव जास्त उलाढालीसह १८२ च्या खाली बंद झाला की हा पिव्हट बाद धरायचा. नवं हँडल किंवा अख्खी नवी रचना घडायला पुन्हा काही आठवडे जातात.