लूप सानपाड्यालाच का अडकतो? बायनरी सर्चच्या मध्याची पार्श्वभूमी

ठाण्याहून वाशीला जाणारी लोकल घ्या. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी अशी ९ स्थानके. कोडमध्ये त्यांचे इंडेक्स ० ते ८. ठाण्याहून सुटल्यापासून कुठल्या स्थानकावर किती मिनिटांनी गाडी पोचते, याची चढती यादी आपल्याकडे आहे. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, वेळापत्रकातले नाहीत. प्रश्न असा: गाडी सुटून `t` मिनिटे झाली, तर आतापर्यंत आलेले शेवटचे स्थानक कोणते? ते बायनरी सर्चने शोधू, म्हणजे दरवेळी `lo` ते `hi` या पट्ट्यातले मधले घर पाहायचे आणि उत्तर नसलेला अर्धा भाग सोडून द्यायचा.

```python
a = [0, 4, 8, 11, 14, 18, 21, 26, 29]
lo, hi = 0, len(a) - 1
while lo < hi:
    mid = (lo + hi) // 2
    if a[mid] <= t:
        lo = mid
    else:
        hi = mid - 1
```

वाचताना यात काही खटकत नाही. `a[mid]` वेळेत बसत असेल तर `mid` हेच उत्तर असू शकते, म्हणून ते सोडायचे नाही, `lo` तिथे आणायचा. बसत नसेल तर `mid` बाद, म्हणून `hi` त्याच्या एक घर अलीकडे. तर्क पूर्ण बरोबर आहे. आता `t = 30` देऊन पाहा. `lo` आधी ४ वर येतो, मग ६ वर, मग ७ वर. आता `lo` ७ आणि `hi` ८. त्यांची बेरीज १५, तिची निम्मी खाली गोल करून ७. सानपाडा २६ मिनिटांचे, म्हणजे बसते, म्हणून `lo = 7`. तो आधीही ७ च होता. पुढच्या फेरीत पुन्हा तेच, आणि त्यानंतरही तेच. पडद्यावर ना एरर येते ना उत्तर, फक्त प्रोसेसरचा एक कोअर १०० टक्क्यांवर चिकटून राहतो.

ही चूक दरवेळी दिसत नाही, आणि म्हणूनच ती टिकून राहते. याच कोडला `t = 2` दिले तर ठाणे, `t = 5` दिले तर दिघा गाव, `t = 22` दिले तर तुर्भे अशी अचूक उत्तरे येतात. उरलेल्या सहाही स्थानकांना मात्र लूप संपतच नाही. दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. त्याआधीची ८ स्थानकांची यादी याच कोडला दिली, तर ठाणे आणि तुर्भे ही दोनच उत्तरे सुखरूप बाहेर पडतात. यादीत एक घर वाढले की अडकायच्या जागा बदलतात. चाचणीला नेमके ठाणे आणि तुर्भे निवडले, तर कोड दोन्ही यादींवर पास.

सगळा घोटाळा `lo` ते `hi` हा पट्टा दोन घरांचा उरतो तेव्हा होतो. दोन घरांना मधले घर नसते, कुठल्यातरी बाजूला कलावे लागते. खाली गोल केले की मध्य नेहमी `lo` वरच पडतो, आणि `lo = mid` ने पट्टा तसूभरही लहान होत नाही. मध्य कुठे कलणार आणि कुठली कड `mid` वर थांबणार, ही दोन्ही उत्तरे एकमेकांना धरूनच द्यावी लागतात.

पहिल्या काळात हा प्रश्न पुढे आलाच नाही. बायनरी सर्चचा छापील उल्लेख १९४६ सालचा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमधल्या जॉन मॉकली यांच्या व्याख्यानातला. त्यानंतर बरीच वर्षे जे अल्गोरिदम छापले गेले, ते यादीची लांबी दोनाच्या घातापेक्षा एकने कमी असेल तेव्हाच चालत: ३, ७, १५, ३१. हे बंधन का सोयीचे होते ते ७ घरांवर लगेच कळते. मधले चौथे घर तपासले, ते नसेल तर काढून टाकले, दोन्हीकडे ३-३ घरे उरली. त्यातले मधले काढले की १-१. मध्य नेहमी खराखुरा मध्य, दोन घरांचा पट्टा कधी येतच नाही, त्यामुळे वर गोल करायचे की खाली हे विचारायची वेळच येत नाही. कुठल्याही लांबीच्या यादीवर चालणारी पद्धत छापून आली ती १९६० मध्ये, डेरिक हेन्री लेमर यांची. म्हणजे कल्पना आणि तिचे सर्वत्र चालणारे रूप यांच्यात १४ वर्षे गेली.

१९६२ मध्ये हर्मन बॉटनब्रुख यांनी आल्गोल ६० भाषेत वेगळी मांडणी केली. प्रत्येक फेरीत ‘सापडले का’ हे विचारायचे थांबवायचे, फक्त लहान-मोठे पाहायचे आणि बरोबरी शेवटी एकदाच तपासायची. फेरीमागे एक तुलना वाचते, सरासरी एक फेरी वाढते. पण आता `mid` सापडल्यावर तिथून बाहेर पडता येत नाही आणि त्याला दोन्ही बाजूंनी वगळताही येत नाही. एका बाजूला तो पट्ट्यात ठेवावाच लागतो. आपला लोकलचा कोड याच घराण्यातला. या मांडणीच्या आजच्या रूढ रूपात मध्य वर गोल केलेला असतो, आणि तो केवळ आवडीचा भाग नाही. वरच्या कोडमध्ये एवढीच ओळ बदलायची:

```python
    mid = (lo + hi + 1) // 2
```

आता ७ आणि ८ चा मध्य ८. वाशी २९ मिनिटांची, बसते, `lo = 8`, लूप संपला. वाशी बसली नसती, तर `hi = 7` होऊन तरीही संपला असता. `lo = mid` असेल तर मध्य वर, `hi = mid` असेल तर मध्य खाली. पाठ करायचेच तर एवढे पाठ करावे.

हे लक्षात न घेता जी घाईची डागडुजी होते, तिच्यातून दुसरी चूक जन्मते. लूप अडकतो म्हणून अट `while hi - lo > 1` अशी केली जाते आणि शेवटी `lo` परत दिला जातो. लूप आता नक्की थांबतो, पण ७ आणि ८ वर थांबतो आणि उत्तर देतो सानपाडा. वाशीचे घर कधी तपासलेच गेले नाही. ही चूक अडकण्यापेक्षा वाईट आहे असे आमचे मत आहे. अडकलेला प्रोग्राम कोणाच्या तरी नजरेस पडतो, चुकीचे स्थानक सांगणारा पुढे निघून जातो. ही अटच ठेवायची असेल तर लूपनंतर आधी `hi` तपासावा, तो बसत असेल तर तो, नाहीतर `lo` द्यावा.

शेवटचे घर हरवायचा आणखी एक नेहमीचा मार्ग आहे, आणि त्याचे मूळ मोजण्याच्या दोन परंपरांत आहे. एका परंपरेत `hi` म्हणजे पट्ट्यातले शेवटचे घर, वरच्यासारखे. दुसरीत `hi` म्हणजे पट्टा संपल्यावरचे पहिले घर, म्हणजे सुरुवातीला `len(a)`. डाइकस्ट्रा यांनी १९८२ च्या एका टिपणात या दुसऱ्या, अर्ध्या उघड्या पट्ट्याची बाजू मांडली. त्यात लांबी म्हणजे सरळ दोन टोकांची वजाबाकी, आणि रिकामा पट्टाही सहज लिहिता येतो. पायथनचे `bisect` याच पद्धतीने चालते:

```python
lo, hi = 0, len(a)
while lo < hi:
    mid = (lo + hi) // 2
    if a[mid] <= t:
        lo = mid + 1
    else:
        hi = mid
# उत्तर: lo - 1
```

इथे `hi = mid` आहे म्हणून मध्य खाली, सगळे जुळते. पण लूप इथला आणि पहिली ओळ जुन्या सवयीची, `hi = len(a) - 1`, असे झाले की काय होते? `t = 30` ला `lo` ५, मग ७, मग ८ होतो, `hi` ही ८ च, लूप संपला, उत्तर ७. पुन्हा सानपाडा. बाकी आठही स्थानकांची उत्तरे मात्र बिनचूक. दुसऱ्या कोणाचा कोड उतरवून घेताना सर्वात आधी हेच विचारावे: यात `hi` पट्ट्याच्या आत आहे की बाहेर? त्या एका उत्तरावर सुरुवातीची किंमत, लूपची अट आणि `hi` ची बदलाची ओळ, तिन्ही अवलंबून असतात.

अनुभवी माणसेही इथे चुकतात याची नोंद आहे. जॉन बेंटली यांनी बेल लॅब्ज आणि आयबीएममध्ये शिकवताना व्यावसायिक प्रोग्रामरना हाच प्रश्न दिला. लिहायला दोनेक तास होते, तरी साधारण ९० टक्के जणांना आपल्याच कोडमध्ये बग सापडले. १९८८ मध्ये रिचर्ड पॅटिस यांनी २० पाठ्यपुस्तके तपासली. बायनरी सर्च बरोबर होता फक्त ५ पुस्तकांत.

जोशुआ ब्लॉक यांनी जून २००६ मध्ये दाखवलेली चूक वेगळ्या जातीची होती. जावाच्या प्रमाण लायब्ररीत जवळजवळ ९ वर्षे असलेल्या कोडमध्ये `low + high` ही बेरीज ३२ बिटांत मावेनाशी होऊन ऋण होत होती. त्यासाठी यादीत २ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे १०७ कोटी घटक लागतात. लोकलच्या यादीला त्याची भीती नाही. पण त्यावरचा एक उपाय, `lo + (hi - lo) / 2`, आपल्या विषयातही कामाचा आहे. यादीऐवजी आकड्यांच्या पल्ल्यात उत्तर शोधायचे असते तेव्हा `lo` ऋण असू शकतो. सी आणि जावात भागाकार शून्याकडे कापला जातो, पायथनचा `//` खाली गोल करतो. म्हणून `lo = -1`, `hi = 0` असताना `(lo + hi) / 2` पायथनच्या `//` ने -१ येते, तर सी-जावात ०. मग `hi = mid` असलेला, पायथनमध्ये नीट चालणारा लूप जावात उतरवताच अडकतो. फरक आधी काढून निम्मा केला की तो कधी ऋण नसतो, त्यामुळे मध्य सर्व भाषांत `lo` कडेच कलतो. वर कललेला मध्य हवा असेल तर `lo + (hi - lo + 1) / 2`.

तपासणीला मोठी यादी लागत नाही. १ ते ९ लांबीच्या याद्या घ्याव्यात, प्रत्येक यादीत प्रत्येक घर उत्तर ठरेल असा `t` द्यावा, आणि उत्तर साध्या, एकेक घर पाहत जाणाऱ्या शोधाशी ताडून पाहावे. एकूण ४५ धावा होतात. लूपच्या आत, बदलापूर्वीची `hi - lo` जपून ठेवावी आणि बदलानंतर ती खरोखर कमी झाली का हे `assert` ने पाहावे. आपला पहिला कोड दोन घरांच्या यादीवर, दुसरे घर विचारताच, पहिल्याच फेरीत पकडला जातो. रिकामी यादी आणि पहिल्या घरापेक्षाही लहान `t` वेगळे तपासावे लागतात. `hi` ला पट्ट्याच्या आत मोजणारा कोड अशा वेळी मुकाट्याने ० देतो, म्हणजे गाडी सुटायच्या आधीच ती ठाण्याला आली असे सांगतो. अर्धा उघडा पट्टा त्याच वेळी -१ देतो, आणि ‘अजून एकही स्थानक नाही’ असा त्याचा सरळ अर्थ होतो.