कार्ड नाही तरी E: आहे, आणि उघडलं की म्हणतं डिस्क टाका

माझ्या मामेभावाचं फोटो प्रिंट करून द्यायचं छोटं दुकान आहे. तिथला पीसी जुना, आणि त्याला लावलेला चार खाचांचा कार्ड रीडर त्याहून जुना. मध्यंतरी रात्री साडेनऊला त्याचा फोन. "दादा, गिऱ्हाईक उभंय समोर, कार्ड टाकलंय, E दिसतोय, क्लिक केलं की डिस्क टाका म्हणतोय, अरे टाकलीय की!"

स्क्रीनवरचं वाक्य असं होतं, Please insert a disk into Removable Disk (E:). मी आधी विचारलं, कार्ड काढल्यावर E जातो का? तर नाही जात म्हणे. कार्ड असो नसो, E, F, G, H चौघंही ठाण मांडून बसलेले.

आता यात बिघाड काहीच नाही बरं का, म्हणजे निदान एवढ्यात तरी. आपल्याला वाटतं E: म्हणजे कार्ड, पण विंडोजने ते अक्षर कार्डाला दिलेलंच नसतं, ते खाचेला दिलेलं असतं. भिंतीवर खुंटी आहे, टोपी अडकवा नाहीतर नका अडकवू, नाव खुंटीचं आहे. रीडर यूएसबीला लावला की तो कॉम्प्युटरला सांगतो की मी साठवणुकीचं यंत्र आहे आणि माझ्यातला माल काढता-घालता येतो, आणि माझ्याकडे अशा चार जागा आहेत. एवढं कळलं की विंडोज चार अक्षरं वाटून मोकळं होतं, आत काही आहे का हे विचारायच्याही आधी. हार्ड डिस्कचं तसं नसतं, तिथे आधी पार्टिशन सापडावं लागतं, मग त्याला अक्षर. पण काढता येणाऱ्या मालाची रीत फ्लॉपीच्या काळापासूनची आहे, A: कायम असायचा, फ्लॉपी नसली तरी, आणि रिकाम्या A: वर क्लिक केलं की हेच उत्तर. म्हणून तर आजही नखाएवढ्या कार्डाला तो "डिस्क" म्हणतो.

मग रिकामं आहे हे त्याला कळतं कसं, हा यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. कॉम्प्युटर आणि रीडर एकमेकांशी जी भाषा बोलतात ती मुळात यूएसबीची नाहीच, ती स्कझी नावाची जुनी भाषा आहे, 1986 साली तिचं पहिलं स्टँडर्ड आलं, मोठमोठ्या डिस्क आणि टेप ड्राइव्हसाठी. यूएसबीवाल्यांनी नवीन भाषा करण्यापेक्षा तीच उचलली आणि आपल्या पाकिटात घालून पाठवायला लागले. त्या भाषेत एक प्रश्न आहे, टेस्ट युनिट रेडी, म्हणजे "तयार आहेस का?" हा प्रश्न सहा बाइटचा आणि सहाच्या सहा बाइट शून्य, इतका साधा. खाच रिकामी असली की रीडर म्हणतो "नाही". नुसतं नाही. का नाही ते वेगळं विचारावं लागतं, त्यासाठी दुसरी कमांड, रिक्वेस्ट सेन्स. मग उत्तर येतं, मुख्य आकडा 02, म्हणजे तयार नाही, आणि सोबत 3A, म्हणजे माध्यमच नाही. बस, या 02 आणि 3A चं भाषांतर करून विंडोज तुम्हाला डिस्क टाका म्हणतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये `dir E:` टाकलंत तर तेच उत्तर तिथे The device is not ready. असं येतं.

विंडोज हा "तयार आहेस का" प्रश्न थोड्या-थोड्या वेळाने विचारत राहतं, म्हणून कार्ड टाकल्यावर क्षणभरात विंडो उघडते. कार्ड आत गेल्यानंतरच्या पहिल्या प्रश्नाला रीडर एकदम "हो" नाही म्हणत, आधी 06 आणि 28 असं उत्तर देतो, म्हणजे "थांब, आतला माल बदललाय, मागचं जे काही लक्षात ठेवलं असशील ते विसर". हे फार शहाणपणाचं आहे, नाहीतर एका कार्डाची यादी डोक्यात ठेवून कॉम्प्युटर दुसऱ्याच कार्डावर लिहीत बसेल.

असो, दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी भावाला म्हटलं डिस्कपार्ट, म्हणजे विंडोजचं डिस्क सांभाळायचं साधन, उघड आणि `list volume` टाक. (यात क्लीन, फॉरमॅट असल्या कमांड पण असतात, त्यांना हात लावायचा नाही, नुसती यादी बघायची.) आणि गिऱ्हाइकाचं कार्ड काढून तुझं स्वतःचं जुनं 2 जीबीचं कार्ड त्याच खाचेत टाक. तर असं आलं:

```
Volume 2   E                  Removable       0 B  No Media
Volume 3   F   PHOTO   FAT    Removable   1886 MB  Healthy
Volume 4   G                  Removable       0 B  No Media
Volume 5   H                  Removable       0 B  No Media
```

म्हणजे पहिली गंमत इथेच निघाली, एसडी कार्डाची खाच F होती आणि हा पठ्ठ्या E उघडत होता! E ही कॉम्पॅक्ट फ्लॅशची खाच, जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या कार्डाची. ती रिकामीच, त्यामुळे E: अगदी खरं बोलत होता. तो हसला, गिऱ्हाइकाचं कार्ड परत टाकलं, F उघडला. परत डिस्क टाका.

आता मात्र खरा प्रश्न. कार्ड आत आहे, खाच बरोबर, अक्षर बरोबर, तरी रीडर 3A म्हणतोय.

इथे रीडरला कार्ड "दिसतं" म्हणजे काय ते बघायला पाहिजे. एसडीच्या खाचेत मोबाइलचा टॉर्च मारून बघा, समोर एका ओळीत पितळी रंगाच्या बारीक पट्ट्या दिसतील, त्या कार्डाशी बोलायच्या, आणि बऱ्याच खाचांमध्ये एका बाजूला एखादी वेगळी, जरा वाकलेली पट्टी असते. कार्ड सरकलं की ती दाबली जाते आणि रीडरला कळतं कुणीतरी आलं. नुसतं कळतं हां, कोण आलं ते नाही. मायक्रो एसडीचं अडॅप्टर रिकामंच टाकून बघा, प्लास्टिकने पट्टी दाबली जाते, रीडर आत हाका मारतो, उत्तर द्यायला कुणीच नाही, आणि थोडं थांबून तो कॉम्प्युटरला सांगतो, माध्यम नाही. म्हणजे 3A चे दोन अर्थ होतात, एक तर दारात कुणी नाही, नाहीतर कुणीतरी आहे पण बोलत नाही. वरून दोन्हीचा मेसेज सारखाच, म्हणून माणूस गोंधळतो.

भावाच्या दुकानात दुसरा प्रकार होता. 2 जीबीचं कार्ड त्याच खाचेत चालतंय म्हणजे पट्टी ठीक, पितळी टोकं पण ठीक. गिऱ्हाइकाचं कार्ड त्याच्या कॅमेऱ्यात फोटो दाखवतंय म्हणजे कार्ड पण जिवंत. मग विचारलं कार्डावर काय लिहिलंय. 16 जीबी, एसडीएचसी.

झालं, सापडलं. साधं एसडी कार्ड 2 जीबीपर्यंतचं. त्याच्या आत जागेचा पत्ता बाइट मोजून सांगतात, आणि मोठ्या कार्डांना ती मोजणी पुरेना म्हणून 2006 साली एसडीएचसी आलं, 32 जीबीपर्यंत, त्यात पत्ता 512 बाइटच्या ठोकळ्यांनी मोजतात. आता विचार करा, जुना रीडर "पत्ता 1000" म्हणाला तर त्याच्या मनात असतो हजारावा बाइट आणि कार्ड समजेल हजारावा ठोकळा, दोघं वेगवेगळ्या ठिकाणी. लिहिताना असं झालं तर फोटोंची वाटच. म्हणून नियमच असा ठेवलाय की सुरुवातीला रीडरने एक खूण दाखवायची, "मला मोठी कार्डं कळतात". खूण दाखवली नाही तर एसडीएचसी कार्ड "मी तयार आहे" असं म्हणतच नाही. रीडर विचारत राहतो, कार्ड "अजून नाही, अजून नाही" करत राहतं, शेवटी रीडर कंटाळतो आणि वर कळवतो, माध्यम नाही. भावाचा रीडर 2006 च्या आधीचा, त्याला ही खूण ठाऊकच नव्हती. कार्ड मुद्दाम गप्प बसलं होतं, आणि माझ्या मते बरोबरच केलं त्याने.

गिऱ्हाइकाचे फोटो कॅमेऱ्याला केबल लावून काढले, कॅमेऱ्याला त्याचं कार्ड कळतंच ना.

अक्षरं लपवता येतात हे पण सांगून टाकतो, विंडोज 7 पासून फोल्डर ऑप्शन्समध्ये Hide empty drives अशी टिक असते आणि ती सहसा चालूच असते, म्हणून घरच्या लॅपटॉपवर रिकाम्या खाचा दिसत नाहीत. भावाच्या पीसीवर कुणीतरी ती काढली होती. टिक असली तरी अक्षर जागेवरच असतं, फक्त दिसत नाही. आणि काही लॅपटॉपमध्ये आतला रीडर यूएसबीचा नसतोच, तिथे कार्ड थेट जोडलं जातं, त्यामुळे कार्ड टाकल्यावरच ड्राइव्ह उगवतो.

पण हाच मेसेज पेनड्राइव्हवर आला तर मात्र सावध व्हा. पेनड्राइव्ह म्हणजे कार्ड कायमचं चिकटवून टाकलेला रीडरच समजा, एक कंट्रोलर चिप आणि तिच्या पाठीमागे साठवणारी फ्लॅश चिप. कंट्रोलर चालू आहे पण फ्लॅश त्याला वाचता येत नाही, असं झालं की तोही म्हणतो माध्यम नाही. अक्षर दिसतं, दिवा पण लागतो, `list volume` मध्ये मात्र 0 B आणि No Media. आता तुम्ही कुठली डिस्क टाकणार? अशा वेळी फॉरमॅट मारणं, अक्षर बदलणं, chkdsk चालवणं, फुकटातलं रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवणं, यातलं काही उपयोगाचं नाही, कारण वाचायला पहिला ठोकळासुद्धा मिळत नाहीये. दुसऱ्या पोर्टमध्ये, दुसऱ्या पीसीवर एकेकदा लावून बघा, तिथेही 0 B असेल तर आतला डेटा चिपमधून काढणाऱ्या लॅबचंच काम, आणि ते स्वस्त नसतं. याउलट You need to format the disk असं आलं, तर माध्यम सापडलंय, आकार कळलाय, फक्त यादी बिघडलीय, तिथे रिकव्हरी सॉफ्टवेअरला खरंच काहीतरी करता येतं. आणि तिथे फॉरमॅटला हो म्हणायचं नाही, आधी डेटा काढायचा. हे दोन मेसेज लोक एकच समजतात आणि मग चुकीच्या मेसेजवर चुकीचा उपाय करून बसतात.

भावाने नवीन रीडर घेतला, पण जुना टाकला नाही, कॉम्पॅक्ट फ्लॅश घेऊन येणारे एक-दोन जुने फोटोग्राफर अजून आहेत म्हणे. परत घोळ नको म्हणून चारही खाचांवर त्याने कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, E, F, G, H. आठवड्याने परत फोन. साफसफाई करताना रीडर दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावला होता, आणि त्या रीडरला स्वतःचा सीरियल नंबर नसल्यामुळे विंडोजला वाटलं हा कुणी नवीनच आलाय, त्याने अक्षरं परत नव्याने वाटली. F ची चिठ्ठी असलेली खाच आता J झाली होती.