प्रभाव रेषा (दोन चाकांच्या चल भाराखाली)

प्रभाव रेषा म्हणजे १ एकक भार तुळईवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत असताना एकाच ठिकाणचा एकच परिणाम कसा बदलतो, ते दाखविणारा आलेख. हा परिणाम एखाद्या आधाराची प्रतिक्रिया असेल किंवा एखाद्या छेदावरील नमन परिबल (बेंडिंग मोमेंट) असेल. नमन परिबलाची नेहमीची आकृती आणि ही रेषा यांत गल्लत होते, विशेषतः दोन्ही त्रिकोणी असल्या की. त्या आकृतीत भार जागचा हलत नाही आणि आडव्या अक्षावर छेदाची जागा असते. प्रभाव रेषेत छेद पक्का असतो आणि आडव्या अक्षावर भाराची जागा असते. एककांवरूनही फरक ओळखता येतो : प्रतिक्रियेच्या प्रभाव रेषेची उंची हा निव्वळ आकडा असतो, तर परिबलाच्या रेषेची उंची मीटरमध्ये येते.

या पद्धतीचे जनकत्व वादग्रस्त आहे. एमील विंक्लर १८६५ च्या सुमारास प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये अध्यापन करू लागले होते. त्यांनी १८६७ मध्ये तेथील अभियंत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात ही कल्पना मांडली, असे सामान्यतः धरले जाते. ओटो मोर हे त्याच सुमारास उत्तर जर्मनीतील रेल्वेच्या कामातून अध्यापनाकडे वळत होते. १८६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात अखंड तुळयांसाठी हीच कल्पना दिसते. केवळ तारखा पाहिल्या तर मान विंक्लर यांच्याकडे जातो. परंतु दोघांच्या मांडणीचा रोख वेगळा असल्याने ते स्वतंत्रपणे तेथे पोचले, हे मत अधिक पटणारे आहे. दोघांपुढचा प्रश्न मात्र एकच होता. आगगाडीच्या इंजिनाची जड चाके पुलावरून पुढे सरकतात, तेव्हा ती प्रत्येक जागी उभी करून पुन्हा सगळी आकडेमोड करायची की एकदाच काही काढून ठेवता येईल? हाइन्रिख म्युलर-ब्रेस्लाउ यांनी १८८६ च्या सुमारास सर्वसाधारण नियम दिला. ज्या परिणामाची रेषा हवी, तो परिणाम पेलणारे बंधन तोडावे आणि तेथे एकक स्थानांतर द्यावे. तुळई जो आकार घेते, तीच प्रभाव रेषा.

साध्या टेकणाच्या तुळईत हा आकार सरळ रेषांचाच असतो. अ आणि ब हे तिचे आधार समजू. अ आधार १ एककाने उचलला, तर तुळई ब भोवती सरळ तिरकी होते. म्हणून अ च्या प्रतिक्रियेची रेषा अ पाशी १ आणि ब पाशी ० असते. क या छेदावरील परिबलासाठी क पाशी बिजागरी घालून दोन तुकड्यांमध्ये एकक (लहान) कोन दिला की त्रिकोण मिळतो. त्याचे शिखर क पाशी असते आणि त्याची उंची डावी लांबी गुणिले उजवी लांबी भागिले गाळा इतकी येते.

उदाहरणादाखल १० मीटरचा गाळा घेऊ. क हा छेद अ पासून ४ मीटरवर आहे, त्यामुळे शिखराची उंची ४ × ६ ÷ १० = २.४ मीटर. त्यावरून एक गाडी जाते : पुढचे चाक ६० किलोन्यूटन, मागचे १२० किलोन्यूटन, दोहोंत अंतर ३ मीटर. प्रत्येक चाकाचा भार त्याच्याखालच्या उंचीने गुणायचा आणि बेरीज घ्यायची, एवढेच गणित.

गाडी अ कडून ब कडे जात असताना मागचे चाक नुकतेच अ वर आले, की पुढचे ३ मीटरवर असते आणि तेथे रेषेची उंची ०.७ असते. तेव्हा अ ची प्रतिक्रिया १२० + ४२ = १६२ किलोन्यूटन होते. गाडी उलट तोंडाने आली आणि पुढचे चाक अ वर आले, तर ६० + ८४ = १४४ च भरते. म्हणून दोन्ही दिशा तपासणे टाळता येत नाही, आणि परीक्षेत हमखास विसरली जाणारी बाब हीच असते.

परिबलाच्या बाबतीत कमाल स्थिती येते तेव्हा एखादे चाक नेमके छेदावर असते, कारण रेषेचा चढ फक्त शिखरापाशी बदलतो. पण कोणते चाक? पुढचे चाक क वर असताना मागचे १ मीटरवर येते : ६० × २.४ + १२० × ०.६ = २१६ किलोन्यूटन-मीटर. मागचे चाक क वर असताना पुढचे ७ मीटरवर जाते : १२० × २.४ + ६० × १.२ = ३६०. उलट तोंडाची गाडी पाहिल्यास अनुक्रमे २८८ आणि ३२४ येतात, त्यामुळे कमाल ३६० ठरते. हे आकडे न काढताही निवड तपासता येते. चाक छेदावरून सरकताना डाव्या भागातील भार भागिले डावी लांबी, आणि उजव्या भागातील भार भागिले उजवी लांबी, यांतला मोठा-लहानपणा पालटला पाहिजे. मागचे चाक क च्या किंचित डावीकडे असताना ही गुणोत्तरे ३० आणि १० असतात; किंचित उजवीकडे गेले की ० आणि ३० होतात. क्रम पालटला, म्हणजे स्थिती बरोबर. पुढच्या चाकाच्या बाबतीत चाक ओलांडल्यावरही ३० आणि १० असा क्रम तसाच राहतो. म्हणजे परिबल अजून वाढतच आहे.

सबंध तुळईतील सर्वांत मोठे परिबल क वरच असेल असे नाही, आणि गाळ्याच्या मध्यावरही नसते. मध्यावरील छेदासाठी हेच गणित केल्यास पुन्हा ३६० च येते. दोन्ही चाकांचा परिणामी भार १८० किलोन्यूटन असून तो मागच्या चाकापासून १ मीटर पुढे असतो. मागचे चाक आणि हा परिणामी भार गाळ्याच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर ठेवले, म्हणजे चाक ४.५ मीटरवर आणि परिणामी भार ५.५ मीटरवर, की त्या चाकाखाली ३६४.५ किलोन्यूटन-मीटर मिळतात. फरक सव्वा टक्क्याचा आहे. गाळा मोठा आणि चाके जवळ असली तर तो आणखी घटतो, म्हणून पुष्कळदा मध्याचा आकडा घेऊन भागवतात.

दोन्ही चाके सारख्या वजनाची असतील, उदाहरणार्थ कारखान्यातील ओव्हरहेड क्रेनच्या तुळईवर, तर एक सापळा असतो. चाकांतील अंतर गाळ्याच्या सुमारे ०.५८६ पटींहून अधिक झाले की वरील नियम चुकीचे, लहान उत्तर देतो. अशा वेळी एकच चाक मध्यावर आणि दुसरे तुळईबाहेर अशी स्थिती अधिक घातक ठरते.

हे सारे आकडे स्थिर भाराचे आहेत. धावत्या गाडीचा आघात वेगळा मिळवावा लागतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या वर्ग ‘अ’ भारासाठी प्रबलित काँक्रीटच्या ३ ते ४५ मीटर गाळ्यांच्या पुलांवर ही वाढ ४.५ भागिले (६ + गाळा) इतकी धरतात, म्हणजे १० मीटरच्या गाळ्यास सुमारे २८ टक्के. अखंड तुळयांमध्ये या रेषा वक्र होतात आणि शेजारच्या गाळ्यांत ऋण भाग येतो. तेथे चाकाच्या स्थानाची निवड वर दिलेल्या सोप्या गुणोत्तराने करता येत नाही.